बुधवारचा साडेअकराचा चौकोन

जालन्यातल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी एक्क्याऐंशी साली सिस्टर म्हणून लागले आणि पुढं ऑपरेशन थिएटरची इनचार्ज झाले. इनचार्ज म्हणजे थिएटर आपल्या ताब्यात, अशी माझी समजूत होती. थिएटरच्या किल्ल्या माझ्या कंबरेला, हत्यारं वाफवायच्या ऑटोक्लेव्हच्या शिट्ट्या माझ्या हुकमानं, आणि माझ्या परवानगीशिवाय आत चप्पल घालून गेलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. पण थिएटर खरं कुणाच्या ताब्यात होतं म्हणाल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या. आमचे हाडांचे डॉक्टर रोज दवाखान्यातच असायचे. भूलवाले मात्र आमचे एकट्याचे नव्हते. गावात भूल देणारे तेव्हा बोटावर मोजावे इतके, आणि आमच्याकडं यायचे त्यांच्याकडं सात दवाखाने होते. चार जालन्यात, बाकीचे अंबड, परतूर आणि भोकरदन. ते आले की ऑपरेशन. न्हाई आले तर टेबलावर अंथरलेली हिरवी चादर तशीच घडी करून परत कपाटात.

पहिली वीस-पंचवीस वर्षं हा कारभार एका डायरीवर चालला. फोन फिरवायचा, "बुधवारी साडेअकराला येता का?" विचारायचं, ते "येतो" म्हणायचे, मी लिहून ठेवायची. त्यांच्याकडचं ते त्यांच्या डोक्यात ठेवायचे. डोकं चांगलं होतं, पण सात दवाखान्यांचं होतं. कधी दोन ठिकाणी "येतो" म्हणून बसायचे, मग एक दवाखाना रुसायचा. आम्ही रुसायचो, पुढच्या वेळी दुसरे रुसायचे. फिटंफाट.

मग त्यांच्या घरी कॉम्प्युटर आला आणि त्यांच्या मिसेसनी कारभार हातात घेतला. दोन हजार सात-आठचं साल असेल. मॅडम हुशार होत्या. त्यांनी आठवड्याचं कॅलेंडर कॉम्प्युटरवर बसवलं. सोमवार ते शनिवार असे उभे रकाने, डाव्या हाताला तास, आणि प्रत्येक ऑपरेशनचा एकेक चौकोन. जितकं ऑपरेशन लांब तितका चौकोन उंच. प्रत्येक दवाखान्याला रंग दिलेला, आमचा पिवळा. ते कॅलेंडर त्यांच्या घरच्या मशीनमध्येच उघडायचं, आम्हाला त्यात शिरता येत नव्हतं. म्हणून मॅडम दर रविवारी संध्याकाळी कीबोर्डवरचं प्रिंट स्क्रीनचं बटण दाबायच्या, पडद्यावर दिसतं तसं त्याचं चित्र करायच्या आणि सातही दवाखान्यांना मेल करायच्या. सोबत एकच ओळ : "काही चूक दिसल्यास कळवावे."

ही ओळ वाचून आमच्या इनचार्जबाई, म्हणजे मीच, जागच्या जागी चार बोटं उंच झाल्या.

त्या वेळी मी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची असेन. नुकताच सरकारी कॉम्प्युटर कोर्स पास झाले होते. वर्गात माझ्याहून मोठा फक्त भिंतीवरचा पंखा होता. सर्टिफिकेट फ्रेम करून ड्यूटी रूममध्ये लावलं होतं, डॉक्टरांच्या डिग्रीपेक्षा बोटभर वर. आता त्या बाईकडं बघते तेव्हा वाटतं, हिला कुणीतरी एक चिमटा काढायला पाहिजे होता. कुणी काढला नाही. उलट पोरसवदा सिस्टर "ताई, तुम्हालाच जमतं हो" म्हणून हवा भरायच्या, आणि ताई भरून घ्यायच्या.

चित्रातल्या चुका शोधायची माझी एक पद्धत होती. ज्युनियर सिस्टरांना उभं करून मी ती शिकवायची सुद्धा. "बघा गं," मी म्हणायची, "एका वेळेला एकच काम असलं तर चौकोन रकान्याच्या पूर्ण रुंदीचा असतो. एका वेळेला दोन कामं पडली की कॉम्प्युटर त्यांना शेजारी-शेजारी दाबून बसवतो, एसटीतल्या दोनाच्या सीटवर बसवतात तसं. म्हणजे अर्ध्या रुंदीचा चौकोन दिसला की समजायचं, डबल बुकिंग." मग मी फूटपट्टी आडवी ठेवून सोमवारपासून शनिवारपर्यंत सरकवत जायची. पद्धत बरोबरच होती, हे आजही सांगते. अर्धवट होती, इतकंच.

त्या आठवड्यात आमच्याकडं एक अम्मा होत्या. भोकरदनकडच्या धावडा गावच्या. अंगणात पाय घसरून खुब्याजवळचं हाड मोडलेलं. वय विचारलं तर म्हणाल्या, "लिख लो कुछ भी, मैं थोडीच शाळेत जाणार आहे." घरी उर्दू, गावात मराठी, आणि माझ्याशी बोलताना दोन्ही एकाच घासात. पायाला वजन लावून ठेवलं होतं. साखरेचा त्रास जुना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं : ऑपरेशन करून आतून स्टीलची पट्टी बसवली तर चार दिवसांत धरून उभं करू, महिन्या-दोन महिन्यांत काठीनं चालतील. नाही केलं तर खाटच.

अम्मांना ऑपरेशन नको होतं. मोठ्या मुलालाही मनातून नको होतं. हा मुलगा पन्नाशीचा, गावात शेती, बोलायला शांत. त्यांच्या पाहुण्यांत हाड बसवणारा एक वैदू होता, बांबूच्या कामट्या बांधायचा, आणि सगळं घर म्हणत होतं की त्याच्याकडं नेऊ. रविवारी मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सिस्टर, घरचे लोक म्हणून राह्यले की शहरात नुसतं आज-उद्या, आज-उद्या करतेत. मी त्यांना जुबान देऊन आल्तो की एकदा टाइम मिळाला की काम होईल. टाइम चुकला तर मी अम्माला परत घेऊन येईन, असं बोलून बसलोय. मंग तुम्ही सांगा, टाइम पक्का का?"

पक्का का, असं मला विचारतो! फ्रेममधलं सर्टिफिकेट त्याला दिसलं नव्हतं बहुतेक.

"बुधवारी साडेअकरा," मी म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत लेखी दाखवते."

सोमवारी सकाळी डॉक्टरांच्या केबिनमध्ये मेल उघडली. बुधवारचा रकाना पाहिला आणि अंगावर आनंदाचा काटा आला. खोटं कशाला बोलू, आनंदाचाच. साडेअकरा ते एक आमचा पिवळा चौकोन होता, अर्ध्या रुंदीचा. शेजारी दुसरा, त्याच वेळेचा, तोही अर्धा; त्याचा रंग बघायचं भानच उरलं नाही. जागा इतकी कमी की त्यावर "सिझर" एवढा एकच शब्द मावला होता. सापडली चूक! लगेच फोन लावला.

"मॅडम, बुधवार साडेअकराला डबल झालंय. आमचं हाड आणि कुणाचं तरी सिझर."

"अगंबाई, हो की!" मॅडम म्हणाल्या. "बरं झालं सिस्टर सांगितलंत. सिझर आधीच ठरलेलं आहे, वेळ हलवता येईल. त्यांना सकाळी साडेनऊला घ्यायला सांगते. तुमचं आहे तिथंच ठेवते."

"अकरापर्यंत होईल ना ते?"

"दीड तास पुरे आहे त्याला."

बारा वाजता दुसरं चित्र आलं. केबिनबाहेर पेशंटांची रांग लागली होती, डॉक्टर "सिस्टर, आवरा" म्हणत होते. मी पडद्यावर नीट पाहिलंच नाही. मेल उघडली, प्रिंट दिली आणि कागद घेऊन बाहेर आले. प्रिंटरमधली रंगाची शाई महिनाभरापासून वाळलेली होती, त्यामुळं सगळे चौकोन करड्या रंगाचे. आमचा पिवळाही करडा, बाकीचेही करडे. माझं काय अडत होतं? मला रुंदी मोजायची होती, रंग नाही.

फूटपट्टी सरकवली. बुधवार : साडेनऊ ते अकरा एक चौकोन, पूर्ण रुंदीचा. अकरा ते साडेअकरा मोकळी पांढरी पट्टी. साडेअकरा ते एक आमचा, पूर्ण रुंदीचा. एक ते दोन मोकळं. दोनला पुढचं. कुठंही दाटी नाही. पहिल्या चौकोनात मजकूर होता, "सिझर, दुसऱ्या खेपेचं, रक्त तयार ठेवणे", आणि त्यातच चौकोन भरला होता. दवाखान्याचं नाव खाली असतं, ते मावलं नव्हतं. मी म्हटलं, सिझर म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतलं बाळंतपणाचं हॉस्पिटल, दुसरं कुठलं असणार! निम्मी सिझरं तिथलीच असायची. तिथून आमच्याकडं चालत दहा मिनिटं. अर्धा तास म्हणजे मध्ये चहा पिऊनही वेळ उरतो.

तो कागद घेऊन मी अम्मांच्या खाटेपाशी गेले. वर सांगितली ती हवा पूर्ण भरलेली होती.

"अम्मा, हे बघा. हा चौकोन तुमचा. बुधवार, साडेअकरा ते एक."

अम्मांनी कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मग मुलाकडं दिला. "इत्तीशी खिडकी! मी मावते का यात?"

"आम्ही मावून घेतो की."

"और ये बाजूवाले कौन? हे सगळे मोडके लोक?"

"नाही हो, कुणाचं अपेंडिक्स, कुणाचं बाळंतपण."

"हां. बच्चा आधी, बुढ्ढी नंतर. बराबर लावलंय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मुलानंही कागद निरखून पाहिला आणि मला म्हणाला, "म्हणजे हे पक्कं." मी म्हणाले, "बिलकुल पक्कं." त्यानं तिथूनच धावड्याला फोन लावला आणि घरच्यांना वेळ सांगितली. मी ऐकत उभी होते. कॉलर असती तर ताठ केली असती.

मंगळवारी रात्रीच्या जेवणानंतर अम्मांना काही द्यायचं नाही, असं लिहिलं. बुधवारी सकाळी पाणीही बंद, सलाईन चालू. साडेदहाला गाऊन घातला, बांगड्या उतरवून मुलाकडं दिल्या, हत्यारांचे ट्रे लावले. अकरा वाजता हिरवी चादर अंथरली. साडेअकराला मी दाराशी उभी.

पावणेबाराला मागच्या गल्लीतल्या हॉस्पिटलला फोन केला. "आमचे भूलवाले निघाले का तुमच्याकडनं?"

तिकडची सिस्टर म्हणाली, "आमच्याकडं? आज आमच्याकडं सिझरच न्हाई."

 मी मॅडमना फोन लावला.

"ते भोकरदनला गेलेत ना," मॅडम सहज म्हणाल्या. "सिझर तिथलंच होतं. तुम्हीच सांगितलंत ना, डबल झालंय म्हणून. पहाटे उठून गेले बिचारे."

भोकरदन म्हणजे तेव्हाच्या रस्त्यानं दीड तास. राजूरच्या पुढं खड्ड्यांत गाडी पडली तर जास्तच. केबिनमध्ये जाऊन मी पडद्यावर ते चित्र पुन्हा उघडलं. साडेनऊचा चौकोन हिरवागार होता. हिरवा म्हणजे भोकरदन, हे मला पाठ होतं. मागच्या गल्लीचा रंग निळा. पडद्यावर एकदा नीट डोळे टेकवले असते तरी दिसलं असतं. आणि साडेअकराला दोन्ही चौकोन एकमेकांना खेटून बसले होते तेव्हा निदान भांडण समोर होतं. एक दवाखाना रुसला असता आणि दुसऱ्या दिवशीचं ठरलं असतं. मी ते भांडण मिटवलं, दीड तासाचा रस्ता अर्ध्या तासाच्या पट्टीत कोंबला, आणि वर लोकांना दाखवत फिरले.

भूलवाल्या डॉक्टरांचा मोबाइल लागत नव्हता. राजूरच्या आसपास तेव्हा रेंज जायची. आमच्या डॉक्टरांनी गावातल्या दुसऱ्या दोन भूलवाल्यांना फोन लावून पाहिले. एक टेबलावर होते, संध्याकाळपर्यंत सुटणार नव्हते. दुसरे लग्नाला नांदेडला.  

मी अम्मांकडं गेले.

"झाला का माझा नंबर?"

"थोडा उशीर आहे अम्मा. डॉक्टर रस्त्यात आहेत."

"कुठल्या रस्त्यात?"

"भोकरदनहून येऊन राह्यलेत."

मुलगा उठून उभा राहिला. "भोकरदन? आमच्या तालुक्यात होते सकाळी? मंग आम्ही इथं कायला आलो?"

याचं उत्तर होतं. भोकरदनला हाडांचं ऑपरेशन होत नव्हतं, म्हणून.  ते मी द्यायच्या आत अम्माच म्हणाल्या, "जाऊ दे रे. माझ्या गावची हवा खाऊन येतोय डॉक्टर, ताजा येईल."

भूलवाले सव्वाला आले. कपाळावर घाम, बाह्या वर केलेल्या. सिझरमध्ये रक्तस्राव झाला होता, बाई स्थिर होईपर्यंत त्यांना निघता आलं नव्हतं. तशी बाई सोडून निघून या, असं कोण म्हणणार होतं? कॅलेंडरमध्ये सिझर अकराला संपलं होतं. बाईचं संपलं नव्हतं.

"सर, लगेच घेऊ या," मी म्हणाले. "सगळं तयार आहे."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "दोनला अपेंडिक्स आहे. पोरगी तापानं फणफणलीय, ते थांबणार नाही. तुमचं दीड तासाचं काम. कसं घेऊ?"

"मग?"

"सहाला येतो. सहाला नक्की."

"त्यांना घोटभर पाणी देऊ का?"

"ओठ ओले करा. पोट रिकामंच राहू द्या."

ओठ ओले करायचं काम मीच घेतलं, दुसऱ्या कुणाला दिलं नाही. कापूस बुडवायचा, ओठांवरून फिरवायचा. अम्मा कापूस दातात धरायच्या आणि सोडायच्या नाहीत.

"सोडा अम्मा."

"रमजानमध्ये सुद्धा शाम को छोडते हैं, बेटी. तुझा रोजा कधी सुटतो?"

"सहाला."

"वो खिडकीवाला कागज कुठाय? बघ त्यात लिहिलंय का, सहाला बुढ्ढीला पाणी."

कागद माझ्या खिशात होता. मी काढला नाही. त्या चित्रात सहा वाजलेले नव्हतेच. मॅडमच्या पडद्यावर जितकं दिसायचं तितकंच चित्रात यायचं : सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. त्याच्या खाली काय आहे हे बघायला पडदा सरकवावा लागतो, आणि चित्र सरकत नाही. सहाला ते खरंच मोकळे आहेत की तिथंही कुणाचा चौकोन आहे, हे मला आता प्रत्येक वेळी फोन करून विचारावं लागत होतं. मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मोकळे आहेत, मी लिहून ठेवलंय." बिचाऱ्यांचा आवाज उतरला होता. मी उगाच म्हणाले, "तुमची चूक नाही मॅडम." त्या म्हणाल्या, "मग कुणाची?" 

सहाला ते खरोखर आले. पाच मिनिटं आधीच. पण अम्मांचं अंग त्यांची वाट बघत थांबलेलं नव्हतं. दिवसभराचा उपास, दुखणं, घालमेल. साखर तीनशेच्या वर गेली होती, ब्लडप्रेशर दोनशेला टेकलं होतं. त्यांनी स्वतः दोनदा तपासलं. मग प्रेशरचा पट्टा सोडून आमच्या डॉक्टरांना म्हणाले, "आज नको. या प्रेशरवर मी पाठीत सुई घालणार नाही. साखर खाली आणा, मग घेऊ."

त्यांचंही बरोबर होतं. त्या दिवशी सगळ्यांचंच बरोबर होतं, माझं एकटीचं सोडून.

अम्मांना मी स्वतः मऊ खिचडी भरवली. दोन घासांनंतर त्यांनी मान फिरवली. भूक मरून गेली होती. आणि मी ड्यूटी रूममध्ये जाऊन तो करडा कागद टेबलावर पसरला. दीड तास कुठं सापडतो का बघायला. गुरुवार : भिंतीला भिंत. शुक्रवार : सकाळ भरलेली, मग एक ते अडीच मोकळं, पांढरंशुभ्र. बरोबर दीड तास! फोन लावला.

"मॅडम, शुक्रवार एक ते अडीच द्या आम्हाला."

"ते मोकळं नाही हो सिस्टर. सकाळचं परतूरचं आहे. तिथून येणार, कसेबसे दोन घास खाणार, अडीचला इथं उभे राहणार."

"पण तिथं काही लिहिलेलं नाही."

"येणं-जाणं कुठं लिहितो आपण?"

मी कागदाकडं बघत बसले. सहा रकाने, शेकडो रेघा, आणि एकही रस्ता काढलेला नव्हता. परतूरचा नाही, अंबडचा नाही, भोकरदनचा तर नाहीच. बाळंतिणीला स्थिर व्हायला लागणारा वेळ नव्हता, माणसानं चहा प्यायचा वेळ नव्हता. जे पांढरं दिसत होतं ते सगळं आधीच कुणीतरी वापरलेलं होतं. मी एवढी वर्षं दवाखान्यात काढली, बायकांचा दिवस कसा असतो ते घरी रोज भोगलं, दोन कामांच्या मधल्या रिकाम्या वेळात आपण काय-काय करतो हे मला कुणी सांगायला नको होतं, आणि तरी परक्या माणसाची पांढरी पट्टी मला रिकामी वाटली. कोर्समध्ये हे शिकवलं नव्हतं म्हणावं, तर आईनं शिकवलं होतं.

"शनिवारी सकाळी आठ," मॅडम म्हणाल्या. "घरून थेट तुमच्याकडं येतील. त्याच्या आधी काही नाही. अगदी काहीच नाही, मी पुन्हा बघितलं."

शनिवार आठ. चांगली वेळ होती. साखर खाली आणायला दोन दिवस, सकाळचं पहिलं काम, आधी कुठलं गाव नाही, उपास लहान. पहिल्यापासूनच हीच मागायला पाहिजे होती. मी मुलाला सांगायला गेले. तो व्हरांड्यात बाकावर बसला होता.

"शनिवारी आठला. त्यांच्या घरून थेट. मी स्वतः विचारलंय, मध्ये कुठलाच दवाखाना नाही."

"बुधवारचं पण तुम्ही स्वतःच विचारलं होतं, सिस्टर."

"ती माझी चूक झाली. मी दवाखाना दुसरा समजले. तुमच्या पाया पडते, तीन दिवस थांबा."

"पाया कायला पडता," तो चटकन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "मी घरी तोंड काय दाखवू ते सांगा. टाइम मीच कळवला ना? सगळे दुपारपासून फोन करून राह्यले. अम्मा दिवसभर प्यासी होती, हे लपवू का सांगू?"

आमचे डॉक्टर येऊन बोलले. खाट कायमची लागेल, पाठीला जखमा होतील, छातीत कफ भरेल, सगळं सांगितलं. इथं नको तर औरंगाबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी देतो म्हणाले. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "अम्माला विचारतो."

अम्मांना विचारायला मीही गेले. माझी शेवटची आशा तीच होती. त्यांना मी आवडते असं मला वाटायचं.

"अम्मा, शनिवारी आठला. रात्री जेवायचं, पहाटे थोडं पाणी मी विचारून देते, आणि आठला आत. एवढं माझं ऐका."

अम्मांनी माझा हात धरला. हात गरम होता. "और शनिवारी कुणाचा बच्चा अडला तर?"

मी "नाही अडणार" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. सोमवारची बाई असती तर बोलली असती.

"बघ," त्या म्हणाल्या. "तू पण बोलत नाहीस आता. अडणारच. कुणाचा तरी अडतोच. मग मी पुन्हा सुकी पडते, कापूस चावत. नक्को बेटी. पोरा, गाडी बोलव उद्या."

गुरुवारी सकाळी जीप आली. मधलं बाकडं काढून गादी टाकली होती. स्ट्रेचरवरून उचलताना मी मोडका पाय दोन्ही हातांनी धरला, डॉक्टरांनी खांदे धरले. अम्मा ओरडल्या नाहीत, फक्त माझ्या हाताला नखं रुतली. मी गोळ्यांची पिशवी दिली, कुशीवर कसं वळवायचं ते मुलाला दोनदा दाखवलं, शनिवारपर्यंत विचार बदलला तर रात्री कधीही फोन करा म्हणून नंबर लिहून दिला. तो नंबर त्यानं वाचून खिशात ठेवला. जीपचं मागचं दार लागत नव्हतं, ते दोरीनं बांधलं. राजूरच्या रस्त्यालाच लागली ती.

पुढं त्या उभ्या राहिल्या नाहीत. वैदूनं कामट्या बांधल्या, पाय आखडला. हे मला वर्षभरानं मुलाकडूनच कळलं. दुसऱ्या कुणाचा हात मोडला म्हणून तो आला होता. दवाखाना बदलला नव्हता त्यानं, यानं मला रडू आलं. "अम्मा बसल्या-बसल्या सगळ्या घराला कामाला लावते," म्हणाला. मी हसले. त्याच्यासमोर हसायलाच पाहिजे होतं.

पण मला जास्त आठवतो तो शनिवार. मी मॅडमना गुरुवारी कळवलं नाही. शुक्रवारीही नाही. कॅलेंडरमध्ये आमचा चौकोन तसाच राहू दिला. वाटत होतं, आपण तो काढला की ती जीप परत यायची उरलीसुरली शक्यताही जाईल. अशी ही अठ्ठेचाळीस वर्षांची शहाणी! सात दवाखान्यांना एक तास मिळत नव्हता आणि हिनं दीड तास धरून ठेवला, धावड्याहून फोन येईल म्हणून.

आठला दोन मिनिटं कमी असताना भूलवाले फाटकातून आत आले. घरून थेट, अगदी ताजे.

"घ्या, आज तर वेळेच्या आधी," ते म्हणाले. "पेशंट घेतला का आत?"

"पेशंट गेला, सर. गुरुवारीच."

 मला वाटलं आता बोलतील. बोलायचा त्यांना हक्क होता. त्यांनी बॅग खाली ठेवली, बाकावर बसले आणि पाय लांब केले. मी चहा सांगितला. त्यांनी तो बशीत न ओतता, घाई न करता, कपानंच प्यायला. मी समोर उभी होते. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले. इतकी वर्षं मी त्यांना नुसतं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांचा फोन वाजला. मॅडम होत्या. अंबडवाले विचारत होते, साडेदहाचं आधी घेता येईल का.

"येईल," ते म्हणाले, आणि उठले.